पाणी ८६ टक्के खराब? पीपीएमची टक्केवारी काढताना होणाऱ्या दोन चुका

आजच्या भागाला हाताशी मोबाईलमधला कॅल्क्युलेटर ठेवा. आणि घरात पाण्याच्या तपासणीचा एखादा रिपोर्ट पडलेला असेल, तर तोही शोधून ठेवा. मधे एक-दोनदा मी तुम्हाला पॉज करायला सांगणार आहे.

गोष्ट माझ्या घरातलीच आहे. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आणि नंतर तीन वर्षं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम केलं. म्हणजे रिपोर्ट तयार करणाऱ्या बाजूला मी बसलेली आहे. आणि तरीही आमच्याच घरात एका रिपोर्टवरून केवढा घोळ झाला, ते ऐका.

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज रडवेला. म्हणाली, "ताई, आपल्या बोअरचं पाणी ८६ टक्के खराब आहे. आज एक माणूस तपासून गेला. कागदावर लिहून दिलंय. आणि मी त्याच पाण्यात चिऊचं दूध कालवतेय."

चिऊ म्हणजे माझी भाची. तेव्हा चार महिन्यांची होती. वहिनीला दूध पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं दूध सुरू केलेलं. घर गावाकडे, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्यामुळे प्यायला, स्वयंपाकाला, सगळ्याला बोअरचंच पाणी.

मी म्हटलं, "वहिनी, तो कागद आहे ना, त्याचा फोटो पाठव."

फोटो आला. वॉटर प्युरिफायर विकणाऱ्या माणसाने दिलेला छापील फॉर्म होता. त्यावर पेनाने लिहिलेलं: टीडीएस ८६० पीपीएम. आणि खाली, दूषितता ८६ टक्के.

आता ८६० चे ८६ टक्के कसे झाले? त्याने वहिनीला समजावून सांगितलं होतं की हजारपैकी आठशे साठ म्हणजे शंभरपैकी शहाऐंशी. सोपं गणित! ऐकणाऱ्याला पटकन पटतं. शाळेत आपण हेच शिकलो, हजारपैकी किती आणि मग शंभरपैकी किती.

पण पीपीएममध्ये हजार कुठून आले? पीपीएम म्हणजे पार्ट्स पर मिलियन. मिलियन म्हणजे दहा लाख. दहा लाख भागांमध्ये किती भाग, ते पीपीएम. त्या माणसाने दहा लाखांच्या जागी हजार धरले. म्हणजे एका फटक्यात उत्तर हजारपट फुगलं.

हे डोळ्यांसमोर आणायचं तर आपल्याकडचं रोजचं उदाहरण घेऊ. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर. उन्हाळ्यात दारात येतो तो. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे टँकरमध्ये दहा हजार किलो पाणी.

या टँकरमध्ये एक टक्का मीठ घालायचं असेल तर किती लागेल? दहा हजार किलोचा शंभरावा भाग, म्हणजे शंभर किलो. सिमेंटच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या असतात ना, तेवढं.

आणि एक पीपीएम मीठ घालायचं असेल तर? दहा हजार किलोचा दहा लाखावा भाग, म्हणजे दहा ग्रॅम. साधारण दोन चमचे.

एकीकडे दोन गोण्या, दुसरीकडे दोन चमचे. शंभर किलोत दहा ग्रॅम किती वेळा बसतात? दहा हजार वेळा. बस्स, हेच आजचं सूत्र. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. म्हणून पीपीएमचे टक्के करायचे असतील, तर दहा हजारने भागायचं. दशांश चिन्ह चार घरं डावीकडे सरकवायचं, की झालं.

आता करा पॉज आणि स्वतः करून बघा. ८६० भागिले १०,०००. उत्तर येतं ०.०८६. म्हणजे वहिनीच्या पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून होते ०.०८६ टक्के. टँकरच्या भाषेत आठ किलो सहाशे ग्रॅम. ८६ टक्के असते तर टँकरमध्ये आठ हजार सहाशे किलो क्षार आणि फक्त चौदाशे किलो पाणी झालं असतं. त्याला पाणी कोण म्हणेल? ते पंपातून वर तरी आलं असतं का?

आपलं उत्तर बरोबर आलंय का, हे ताडून बघायला दोन गोष्टी लक्षात ठेवा. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात, म्हणजे ३५,००० पीपीएम. आणि दवाखान्यात लावतात ती सलाईनची बाटली, तिच्यावर ०.९ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ, ९,००० पीपीएम. आता तुमच्या बोअरच्या पाण्याची टक्केवारी समुद्रापेक्षा जास्त येत असेल, तर पाणी सोडा, आधी गणित तपासा.

एक छोटा खुलासा. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर बऱ्याचदा पीपीएम लिहिलेलंच नसतं. तिथे mg/L असतं, म्हणजे एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम. घाबरू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी mg/L आणि पीपीएम हे आकडे एकच धरले तरी चालतात. समुद्राच्या पाण्यासारखं जड, खारट पाणी असेल तर थोडा फरक पडतो, कारण त्याचा एक लिटर एक किलोपेक्षा जरा जास्त भरतो. हवेच्या प्रदूषणातला पीपीएम मात्र वेगळा, तो वजनावर नाही, आकारमानावर मोजतात. तिथे हे सूत्र नेऊ नका.

तर मी वहिनीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिला जरा धीर आला. पण मला एक गोष्ट खटकत होती. त्या माणसाने फक्त टीडीएस मोजला होता. पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवलं, आकडा आला, संपलं. ते यंत्र प्रत्यक्षात पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. त्या ८६० मध्ये कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, साधं मीठ आहे. टीडीएस म्हणजे दूषितता नव्हे. त्या क्षारांमध्ये काही घातक आहे का, हे पेन सांगत नाही. जंतू आहेत का, तेही सांगत नाही.

शिवाय त्याने ग्लासमध्ये वायर सोडून पाणी तपकिरी करून दाखवलं होतं. हा खेळ तुम्हीही कधी पाहिला असेल. त्यातली एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि ती कांडीच गंजून पाण्यात उतरते. तो तपकिरी गाळ पाण्यातला नसतो, कांडीचा असतो. प्युरिफायरच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून तिथे वीज फारशी वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं.

मी दादाला म्हटलं, "पाणी नीट प्रयोगशाळेत दे. घरात लहान बाळ आहे, नायट्रेट तपासायला सांग. बाटली थंड ठेव आणि काढल्या दिवशीच नेऊन दे." जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासणीची सरकारी प्रयोगशाळा असते, तिथे आपल्यासारखे लोकही थोड्या शुल्कात नमुना देऊ शकतात. दादाने दिला. आठवड्याने रिपोर्ट आला.

आकडे सांगते, चारच आहेत. टीडीएस ८४०. एकूण कठीणपणा ४२०. फ्लोराइड ०.८. आणि नायट्रेट ९२. सगळे mg/L मध्ये.

आता इथे दुसरी चूक झाली. पहिलीपेक्षा जास्त घातक. आणि ती केली माझ्या दादाने, मी शिकवलेलं सूत्र वापरून.

दादा हिशेबात पक्का. त्याने सगळे आकडे मोबाईलवरच्या शीटमध्ये भरले, दहा हजारने भागले आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. खाली मेसेज: "टेन्शन संपलं. नायट्रेट ०.०१ टक्का, फ्लोराइड ०.०० टक्के. पाणी ९९.९ टक्के शुद्ध!" पुढे तीन हसरे चेहरे.

गणित चुकलं होतं का? नाही. ९२ भागिले १०,००० म्हणजे ०.००९२ टक्के. शीटने दोनच दशांश स्थळं दाखवली, म्हणून ते ०.०१ झालं. फ्लोराइडचे ०.००००८ टक्के होतात, तिथे तर सरळ ०.०० आलं. म्हणजे शीटच्या मते पाण्यात फ्लोराइड नाहीच! उद्या फ्लोराइड ०.८ च्या जागी ४ असतं, तरी दादाच्या शीटमध्ये ०.०० टक्केच दिसलं असतं. आणि ४ म्हणजे दात आणि हाडांना त्रास देणारं पाणी.

मी त्याला लगेच फोन लावला. म्हटलं, "दादा, चिऊचं दूध त्या पाण्यात करणं आत्ता, या क्षणी बंद करा."

तो म्हणाला, "अगं तूच तर म्हणालीस, टक्के काढ. शंभरात पाव टक्कासुद्धा नाहीये. कशाला घाबरवतेस?"

खरंय, मीच म्हणाले होते. आणि माझी चूक अशी की टक्के काढून पुढे काय करायचं, ते मी सांगितलंच नव्हतं.

बघा, टक्केवारी ऐकली की आपल्या डोक्यात परीक्षेचे गुण येतात. ०.०१ टक्का म्हणजे नगण्य, ९९.९ टक्के म्हणजे पहिला नंबर. पण पाण्यातल्या घातक गोष्टी टक्क्यांच्या मापात बसतच नाहीत. म्हणून तर पीपीएम हे माप वापरतात. आर्सेनिकचं उदाहरण घ्या. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आहे ०.०१ mg/L. टक्क्यांत केलं तर ०.०००००१ टक्का. मोबाईलवर भागाकार केला तर बऱ्याच कॅल्क्युलेटरवर असं काहीतरी दिसेल:

```
0.01 ÷ 10000 = 1E-6
```

ते E-6 म्हणजे दशांश चिन्ह सहा घरं डावीकडे. काही जण ते बघून "एक" वाचतात. आणि हो, कॅल्क्युलेटरवरचं टक्क्याचं बटण इथे वापरू नका. ८६० लिहून ते दाबलं की ते नुसतं शंभरने भागतं आणि ८.६ दाखवतं. लोकांना वाटतं ८.६ टक्के आले. शंभरपट चूक.

तर मुद्दा असा, की आकडा लहान आहे म्हणून धोका लहान, असं नसतं. मग धोका कळतो कशावरून? त्या पदार्थाच्या मर्यादेवरून. भारतात पिण्याच्या पाण्यासाठी IS 10500 नावाचं मानक आहे. चांगल्या रिपोर्टमध्ये तुमच्या आकड्याशेजारीच त्यातली मर्यादा छापलेली असते. तिथे दोन रकाने असतात. पहिला, स्वीकारार्ह मर्यादा. पाणी शक्यतो याच्या आत असावं. दुसरा, दुसरा कुठलाच स्रोत नसेल तर इथपर्यंत चालवून घ्या.

आता आमच्या घरचा रिपोर्ट परत वाचू. टीडीएस ८४०. पहिली मर्यादा ५००, दुसरी २,०००. म्हणजे उत्तम नाही, पण दुसरं पाणी नसेल तर चालण्यासारखं. कठीणपणा ४२०. मर्यादा २०० आणि ६००. तीच गत. भांड्यांवर पांढरे डाग पडतील, डाळ लवकर शिजणार नाही, साबणाला फेस कमी येईल. फ्लोराइड ०.८. मर्यादा १ आणि १.५. ठीक आहे.

आणि नायट्रेट ९२. पहिली मर्यादा ४५. दुसऱ्या रकान्यात आकडाच नाही, तिथे लिहिलेलं असतं, सवलत नाही. म्हणजे पर्याय असो वा नसो, ४५ च्या वर नको.

इथे मी दादाला दुसरी टक्केवारी काढायला लावली. म्हटलं, "दहा हजारने भागू नकोस. तुझ्या आकड्याला मर्यादेने भाग आणि शंभरने गुण." ९२ भागिले ४५, गुणिले १००. उत्तर आलं २०४. म्हणजे नायट्रेट मर्यादेच्या २०४ टक्के. दुपटीहून जास्त.

फोनवर दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तोच आकडा आणि एकदा ०.०१ आणि एकदा २०४?"

हो. तोच आकडा. दोन्ही टक्केवाऱ्या बरोबर आहेत, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पहिली सांगते, पाण्यात हा पदार्थ किती आहे. दुसरी सांगते, जितका चालतो त्याच्या किती आहे. घरातल्या माणसाला दुसरा प्रश्न पडलेला असतो आणि तो उत्तर पहिल्याचं काढतो. तुम्हाला रिपोर्टवरून टक्केवारी काढायचीच असेल ना, तर मंडळी, ही दुसरी काढा. आणि प्रत्येक पदार्थाची वेगळी काढा. सगळ्यांची बेरीज करून "एकूण दूषितता इतके टक्के" असं काही नसतं, कारण टीडीएसमध्ये बाकीचे क्षार आधीच मोजलेले असतात.

आता नायट्रेटचं आणि लहान बाळाचं काय वैर आहे, ते सांगते. नायट्रेट पोटात गेल्यावर त्यातल्या काही भागाचं नायट्राइट होतं. ते रक्तात उतरून हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. मोठ्यांच्या शरीरात हे लगेच दुरुस्त करायची सोय असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये ती पुरेशी तयार झालेली नसते. त्यात बाळ वजनाच्या मानाने खूप पाणी पितं. सहा किलोचं बाळ पावडरच्या दुधातून दिवसाला नऊशे मिलिलिटरच्या आसपास पाणी घेतं. म्हणजे किलोमागे दीडशे मिलिलिटर. साठ किलोच्या माणसाने तीन लिटर पाणी प्यायलं, तरी किलोमागे पन्नासच. म्हणजे त्याच बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट चिऊला वजनाच्या मानाने दादाच्या तिप्पट मिळत होतं. त्रास वाढला तर बाळाचे ओठ, नखं निळसर दिसायला लागतात, बाळ मलूल होतं. असं दिसलं तर वाट बघायची नसते, सरळ दवाखाना.

आमचं नशीब, चिऊला तसं काही झालेलं नव्हतं. दादा-वहिनी त्याच संध्याकाळी तिला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, बाळ ठणठणीत होतं. पण बोअरचं पाणी दुधाला अजिबात नको, असं त्यांनीही बजावलं. तेव्हापासून दुधासाठी आयएसआय खूण असलेलं सीलबंद पाणी आणायला सुरुवात झाली.

हे सगळं चालू असताना आई मधे बोलली, "अगं पण आम्ही पाणी उकळूनच देत होतो की. चांगलं खळखळ."

हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. कारण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाढतं. म्हणजे वजनाने तेवढंच राहतं, पण पाणी वाफ होऊन कमी होतं. एक लिटर पाणी उकळून आठशे मिलिलिटर उरलं, तर ९२ मिलिग्रॅम नायट्रेट आता त्या आठशेमध्ये आहे. ९२ भागिले ०.८ म्हणजे ११५ mg/L. आई जितकी काळजी घेऊन जास्त वेळ उकळत होती, तितकं ते पाणी चिऊसाठी वाईट होत होतं. आईला हे सांगताना मला फार जड गेलं. तिला म्हटलं, "आई, तुझं काही चुकलं नाही. जंतूंसाठी तू केलंस ते बरोबरच होतं. फक्त या गोष्टीला उकळणं हा उपाय नाही."

यानंतर आणखी एक गंमत झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही. दादाला वाटलं, एका रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून त्याने दुसऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत पाणी दिलं. तिथला रिपोर्ट आला, नायट्रेट २०.८ mg/L. दादाचा फोन, "बघ, पहिल्यांचं चुकलं होतं! हे ४५ च्या निम्म्याहून कमी आहे."

मी म्हटलं, "ओळ पूर्ण वाच. नायट्रेटच्या पुढे काय लिहिलंय?"

लिहिलं होतं NO3-N.

हा शेवटचा N फार महत्त्वाचा. काही प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेटचं वजन सांगतात, तर काही त्या नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं. नायट्रेटच्या ६२ भाग वजनात नायट्रोजन असतो १४ भाग, बाकी सगळा ऑक्सिजन. म्हणून NO3-N चा आकडा पूर्ण नायट्रेटमध्ये बदलायचा तर ६२ भागिले १४, म्हणजे ४.४३ ने गुणायचं. २०.८ गुणिले ४.४३ किती? ९२.१. म्हणजे दोन्ही प्रयोगशाळा अगदी एकमेकींना धरून बोलत होत्या. पाणी तेच, नायट्रेट तेवढंच, फक्त लिहायची पद्धत वेगळी.

आपली ४५ ची मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. अमेरिकेतली मर्यादा १० आहे, ती नायट्रोजनची. इंटरनेटवर शोधताना कुणी ४५ सांगतं, कुणी १०, आणि आपला गोंधळ उडतो. खरं तर १० ला ४.४३ ने गुणलं की ४४.३ येतात. जवळपास एकच मर्यादा. म्हणून टक्के, पीपीएम, काहीही करायच्या आधी आकडा नेमका कशाचा आहे, ती ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची.

आता शेवटचा प्रश्न, इतकं नायट्रेट आलं कुठून? बोअरमध्ये नायट्रेट येतं ते जास्त करून शेतातल्या युरियासारख्या खतांमधून, शेणाच्या उकिरड्यातून किंवा शौचालयाच्या शोषखड्ड्यातून. आमच्या घरी बोअरपासून शोषखड्डा जेमतेम वीस फुटांवर आहे. बोअर आधीचा, शौचालय नंतर बांधलं, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि नायट्रेट खड्ड्यातून येत असेल तर सोबत जंतूही येऊ शकतात. म्हणून आम्ही जंतूंची वेगळी तपासणी करून घेतली. त्यासाठी प्रयोगशाळाच निर्जंतुक केलेली बाटली देते, घरची पाण्याची बाटली चालत नाही. त्या तपासणीतही दोष निघाला. आता नवा शोषखड्डा परसाच्या दुसऱ्या टोकाला खणलाय. पण जमिनीत मुरलेलं नायट्रेट लगेच जात नाही, त्याला वेळ लागणार.

तोपर्यंत घरात आरओ बसवला. हो, तो विकणारा माणूस आरओच घ्या म्हणत होता आणि शेवटी आम्ही आरओच घेतला, दुसरीकडून. पण त्याने सांगितलेल्या कारणासाठी नाही. त्याने टीडीएसची भीती घातली, नायट्रेटचं नावही घेतलं नाही. कारण माहीत असल्यामुळे आम्हाला पुढचं पाऊलही कळलं. आरओ नायट्रेट कमी करतो, पण पूर्ण काढत नाही, आणि आतला पडदा जुना झाला की आकडा परत वर चढतो. म्हणून आरओच्या नळाचं पाणी आम्ही पुन्हा तपासायला दिलं. नायट्रेट आलं १४, पूर्ण नायट्रेटच्या हिशेबात. १४ भागिले ४५, गुणिले १००. मर्यादेच्या ३१ टक्के. आता दर सहा महिन्यांनी नायट्रेट तपासायचं ठरलंय. टीडीएसचं पेन यासाठी पुरत नाही, कारण त्याला नायट्रेट आणि साधं मीठ यातला फरक कळत नाही.

दादाने आता फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. त्यावर तारखेपुढे तीन रकाने आहेत: आकडा, मर्यादा, मर्यादेच्या किती टक्के. दहा हजारने भागलेला रकाना त्यात नाही. तो हिशेब आम्ही एकाच कामासाठी राखून ठेवलाय, उद्या कुणी दारात येऊन "तुमचं पाणी ८६ टक्के खराब" म्हणालं, तर त्याला टँकर आणि सिमेंटच्या गोण्या समजावून सांगायला.

चिऊ आता वर्षाची होत आलीय. काल व्हिडिओ कॉलवर वहिनी तिला ग्लासने पाणी पाजत होती. निम्मं पोटात, निम्मं फ्रॉकवर. वहिनी हसत म्हणाली, "ताई, हे पन्नास टक्के मात्र मला न मोजता कळलं."

चला, आजच्यापुरतं एवढंच. घरातला रिपोर्ट काढा, नायट्रेटची ओळ शोधा, पुढे N आहे का बघा, आणि शेजारच्या मर्यादेने भाग द्या. भेटू पुढच्या भागात.